लाल शाईची चार रकान्यांत वाटणी

तपासून आलेल्या निबंधाच्या वहीचं पुढे काय होतं, हे घराघरात ठाऊक आहे. मूल आधी गुण बघतं, मग लाल गोल मोजतं, आणि फारच झालं तर चुकलेले शब्द पाच-पाच वेळा लिहून काढतं. निबंध मात्र होता तसाच राहतो. खरं तर त्याच खुणांवरून तो नव्याने लिहिता येतो. त्यासाठी त्यांची व्याकरण, शब्दसंपदा, आशय आणि मांडणी अशी वाटणी करावी लागते.

समजा, दहावीतल्या एका मुलीने ‘दुष्काळग्रस्त शेतकऱ्याचे मनोगत’ लिहिलं आणि त्यावर अठरा खुणा आल्या. तिने प्रत्येक खुणेला क्रमांक द्यावा, वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखावेत आणि एकेक क्रमांक योग्य रकान्यात टाकावा. वाक्य एकटं वाचलं तरी चुकलेलं दिसतं, तर ते व्याकरण. एक शब्द बदलताच सुधारतं, तर शब्दसंपदा. वाक्य बिनचूक आहे, पण वाचणारा ‘म्हणजे कसं?’ असं विचारेल, तर आशय. आणि तेच वाक्य दुसऱ्या जागी शोभलं असतं, तर मांडणी.

व्याकरणाच्या रकान्यात बारा क्रमांक गेले. आकडा घाबरवणारा आहे, पण त्यांतले पाच पाहा: जमीनीत, विहीरीला, पीकाला, दूधाचे, गरीबांना. ही एकच चूक आहे. शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूप होताना ऱ्हस्व होतो: जमिनीत, विहिरीला, पिकाला, दुधाचे, गरिबांना. एवढा एक नियम रकान्याखाली लिहिला की पाच गोल एकदम निकालात निघतात. फक्त एक धोका असतो. नियम नवा कळलेलं मूल उत्साहात ‘शरीराला’चंही ‘शरिराला’ करून टाकतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले असे शब्द या नियमातून वगळलेले आहेत, हेही तिथेच नोंदवावं.

शब्दसंपदेत दोनच खुणा होत्या. तिने ‘पावसाचा अभाव झाला’ असं लिहिलं होतं; शेतकरी म्हणेल, ‘पावसाने ओढ दिली’. दुसरं वाक्य होतं ‘पीक खराब झाले’. ते करपलं, कुजलं की आडवं झालं? करपलं म्हटलं की ऊन आणि कोरडी जमीन दिसते, कुजलं म्हटलं की अतिवृष्टी. इथे नेमका शब्द वाचणाऱ्याला जास्तीची माहिती देतो.

आशयाची एक खूण ‘माझे खूप नुकसान झाले’ या वाक्याशेजारी होती: ‘कसे?’ एवढंच. याचं उत्तर शब्द बदलून देता येत नाही. दोन एकर सोयाबीन पेरलं, उगवण झाली, मग पावसाने दडी मारली, दुबार पेरणी करावी लागली आणि दुसरं बियाणं उधारीवर आणलं, असं सांगावं लागतं. म्हणजे एका वाक्याचा परिच्छेद होतो.

वाटणीत फसवते ती एक खूण. ‘त्याला कर्ज मिळत नाही’ या वाक्यातल्या ‘त्याला’खाली रेघ आहे. मुलीने ती व्याकरणात टाकली आणि ‘मला’ केलं. पण तो अख्खा परिच्छेदच शेतकऱ्याबद्दल भाषण देणारा आहे; ‘मी’ बोलायचा थांबला आहे. ही मांडणीची चूक आहे आणि एका शब्दाने ती भागत नाही.

दुरुस्तीचा क्रम मात्र उलटा ठेवायचा: आधी आशय, मग मांडणी, मग शब्द, शेवटी व्याकरण. मुलं व्याकरणापासून सुरुवात करतात, कारण ते लवकर उरकतं. पण आज शुद्ध केलेलं वाक्य उद्या परिच्छेद बदलताना गळून जाऊ शकतं, आणि नव्या मजकुरात नव्या चुका येणारच.

शिवाय खुणांची संख्या म्हणजे चुकांचं वजन नव्हे. होली जेकब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली, इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांच्या निबंधांसाठी, शंभर गुणांची एक मोजपट्टी मांडली. तीत आशयाला ३०, मांडणीला २०, शब्दांना २०, वाक्यरचना व व्याकरणाला २५ आणि स्पेलिंग, विरामचिन्हं वगैरेंना फक्त ५ गुण आहेत. आपल्या वह्यांमधली बरीच लाल शाई मात्र ऱ्हस्व-दीर्घावरच खर्च होते. साठ वह्यांचा गठ्ठा समोर असताना डोळ्यांना आधी तेच दिसतं, यात शिक्षकांचा दोष नाही. म्हणून आशयाचा रकाना रिकामा राहिला, तर तो निर्दोष आहे असं समजू नये. तिथवर तपासणी पोचलीच नसेल, हीच शक्यता जास्त.

शिक्षकांना एक विनंती. पुढचा नवा विषय देण्याआधी याच निबंधाचा दुसरा खर्डा मागवा, सोबत चार रकान्यांचं पानही घ्या, आणि या खेपेला फक्त आशय व मांडणीवर शेरा लिहा.