मर्मर ऐकताना एक हात मानेवर

प्रिय विद्यार्थिनी,

मर्मर ऐकू आला की आधी मानेतली नाडी चाचप. आवाज नाडीच्या ठोक्यासोबत असेल तर सिस्टोलिक. तसा हलका आवाज तापात, गरोदरपणात निरोगी हृदयातही येतो. दोन ठोक्यांच्या मधला, म्हणजे डायस्टोलिक मर्मर मात्र बहुधा आजाराचाच.

समज, गरोदर बाईला आडवं झालं की दम लागतोय. तिला डाव्या कुशीवर वळव आणि स्टेथोस्कोपची बेल हृदयाच्या टोकावर अलगद टेकव. दाबलीस तर खालच्या सुरातली घरघर हरवते (सगळे दाबतातच!). ऐकू आली, तर लहानपणीच्या रुमॅटिक तापाने मायट्रल झडप अरुंद झाल्याची शंका घे. मोठ्या आवाजापेक्षा लांबलेली घरघर अधिक गंभीर. लगेच डॉक्टरांना सांग. खात्री इकोनेच होते.

तुझे सर