चिमणीला भोक, डिशवॉशरला वायर

भाड्याच्या घरात स्वयंपाकघराची चिमणी आणि डिशवॉशर बसवायचं ठरलं की बहुतेक जण मालकाला एका ओळीचा मेसेज पाठवतात : ‘काका, किचनमध्ये चिमणी आणि डिशवॉशर बसवतोय, चालेल ना?’ काका म्हणतात, ‘बघू.’ या ‘बघू’मध्ये नकार नसतो. काकांना बिचाऱ्यांना नेमकं काय बघायचं ते कळलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

या दोन वस्तू एकाच दुकानात मिळतात, एकाच महिन्यात घ्यावाशा वाटतात, पण मालकाच्या दृष्टीने त्या अगदी वेगळ्या आहेत. चिमणी वीज फारशी खात नाही. तिची मोटर साधारण दीडशे ते अडीचशे वॉटची, म्हणजे मिक्सरपेक्षाही कमी. साधा ६ अँपिअरचा पॉइंट तिला पुरतो. तिला हवं असतं ते भिंतीत सहा इंचांचं भोक. डिशवॉशरचं उलटं. तो भिंतीला हात लावत नाही, पण आत पाणी तापवायचा हीटर असल्यामुळे दोन हजार वॉटच्या आसपास वीज ओढतो. म्हणून पत्र एक असलं तरी मागण्या दोन आणि स्वतंत्र असाव्यात. मालकाला एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणायची मोकळीक राहते, आणि तीच आपल्या फायद्याची असते.

आधी वायरीचं बघू, कारण घोळ तिथेच होतो. पुण्यात कोथरूडसारख्या भागात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर १६ अँपिअरचा एक पॉवर पॉइंट आहे आणि त्याच वायरीवरून पुढे लूप करून दुसरा काढलेला आहे. एकावर मायक्रोवेव्ह, दुसऱ्यावर वेळेनुसार किटली किंवा मिक्सर. हिशेब सोपा आहे : वॉटला २३० ने भागायचं की अँपिअर मिळतात. डिशवॉशर २००० वॉट, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. मायक्रोवेव्ह १२०० वॉट ओढत असेल तर सव्वापाच. दोन्ही मिळून चौदा. इथवर ठीक. आता सासूबाईंनी चहाच्या पाण्यासाठी १५०० वॉटची किटली लावली की साडेसहा अँपिअर वाढले आणि बेरीज वीसच्या वर गेली.

लोकांना वाटतं, एमसीबी १६ चा आहे, वीस झाले की लगेच पडेल. तो पडत नाही. घरगुती एमसीबी बनवतानाच असा बनवतात की क्षमतेपेक्षा थोडा जास्त भार आला तर त्याने बराच वेळ दम धरावा. १६ चा एमसीबी साधारण २३ अँपिअरला तासाभरात पडलाच पाहिजे, असा त्याच्या मानकाचा नियम. वीस अँपिअरवर तो तासाहून जास्त वेळ तसाच राहू शकतो. तेवढा वेळ ती जुनी अडीच चौरस मिलिमीटरची वायर भिंतीतल्या पाइपात तापत असते. त्याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या मागचा एखादा स्क्रू सैल असेल तर सगळी उष्णता तिथे जमते, आणि तिचा एमसीबीला पत्ताही नसतो. तो फक्त प्रवाह ओळखतो.

यावर गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनचा एक ठरलेला उपाय असतो : ‘साहेब, एमसीबी ३२ चा टाकून देतो, पुन्हा पडणार नाही.’ पडणार नाही हे खरंच. त्याऐवजी वायर जळेल. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महागडा स्वस्त उपाय आहे, आणि ज्या पत्रात ‘एमसीबी बदलून द्यावा’ एवढंच लिहिलेलं असतं त्या पत्राला मालकाने बेलाशक नाही म्हणावं.

योग्य मागणी अशी : मुख्य बोर्डापासून सिंकच्या बाजूपर्यंत डिशवॉशरसाठी स्वतंत्र वायर. फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही तांब्याच्या, फेज-न्यूट्रल अडीच चौरस मिलिमीटरच्या. बोर्डात तिच्यासाठी वेगळा १६ अँपिअरचा एमसीबी आणि शेवटी एकच सॉकेट. अंतर लांब असेल तर चार चौरस मिलिमीटरची घ्यावी. भिंत फोडायची गरज नाही. केसिंग पट्टीतून वायर वरच्या कडेने नेता येते, दिसायला जरा साधी, पण मालकाच्या टाइल्स शाबूत राहतात. त्याचबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते पाहावं. पाणी आणि पत्र्याची बॉडी असलेलं यंत्र आरसीसीबी आणि अर्थिंगशिवाय लावू नये. जुन्या घरात अर्थच्या भोकात वायर असते, पण ती जमिनीपर्यंत पोचलेली असेलच असं नाही. काही महाभाग ती न्यूट्रललाच बांधून ठेवतात. म्हणून तपासणी परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून करून घ्यावी आणि त्याने लिहून दिलेला कागद पत्राला जोडावा.

घराचा एकूण भार हा पुढचा प्रश्न. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. गीझर, एसी, मायक्रोवेव्ह आणि आता डिशवॉशर असं एकत्र मोजलं तर सात किलोवॅटच्या पुढे सहज जातं आणि बिलावर कदाचित तीनच लिहिलेले असतात. सगळं एकाच वेळी चालत नाही हे मान्य, तरी तफावत मोठी असेल तर भार वाढवून घ्यावा. त्यासाठी अर्ज ग्राहकाच्या नावाने करावा लागतो, आणि ग्राहक म्हणजे मालक. भाडेकरू तो करू शकत नाही, म्हणून ही गोष्ट पत्रात यायलाच हवी.

आता भोक. चिमणीच्या नळीचा व्यास सहा इंच असतो. ‘चार इंचांचं आधीच आहे, त्यातच घालू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की चार इंचांच्या भोकाचं क्षेत्रफळ सहा इंचांच्या निम्म्याहूनही कमी आहे. आवाज वाढतो, धूर मागे येतो आणि फोडणीचा ठसका हॉलपर्यंत पोचतो. भोक कोअर कटिंगच्या मशीनने पाडतात, छिन्नी-हातोड्याने नव्हे, आणि बीम किंवा कॉलममधून कधीच नाही. भाडेकरूसाठी याहून सोयीची वाट म्हणजे खिडकी. स्वयंपाकघराच्या खिडकीची एक काच काढून तिथे अ‍ॅल्युमिनियमचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा पत्रा बसवायचा आणि त्यात भोक पाडायचं. काच कपाटावर जपून ठेवली की जाताना पुन्हा जागेवर. नळीशिवायची चिमणीही मिळते. ती वास आणि तेलकटपणा काही प्रमाणात टिपते, पण वाफ आणि उष्णता घरातच सोडते, आणि तिचा कोळशाचा फिल्टर वेळोवेळी बदलावा लागतो. रोज दोन वेळा फोडणी देणाऱ्या घरात माझं मत तिच्या बाजूने नाही.

कायद्याची एक गंमत इथे सांगायला हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर भाडेकरूला घर खाली करायला लावता येतं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, गरज असेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेल्या काही कामांना कायमस्वरूपी बांधकामातून वगळलं आहे, आणि त्यात एक्झॉस्टची वाट आणि धुराची चिमणी यांचा नावानिशी उल्लेख आहे. हे वाचून कुणी ड्रिल मशीन काढू नये. आजची बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्स करारावर दिलेली असतात, तिथे राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, आणि करारात ‘लेखी परवानगीशिवाय फेरबदल करू नयेत’ हे कलम जवळपास हमखास असतं. शिवाय बाहेरची भिंत सोसायटीच्या अखत्यारीत येते. सोसायटीचा सभासद मालक असल्याने कमिटीकडे अर्जही त्यानेच करायचा. तो अर्ज आपणच टाइप करून, फक्त सहीची जागा मोकळी ठेवून सोबत द्यावा. निम्मं काम तिथेच होतं.

हे सगळं एका पानात असं बसतं :

‘आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. आपल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात दोन वस्तू बसवण्यासाठी आपली लेखी परवानगी हवी आहे. दोन्हींचा विचार आपण वेगवेगळा करावा.

एक, डिशवॉशर (२००० वॉट). ओट्याच्या सध्याच्या वायरीवर मायक्रोवेव्ह चालतो, त्यामुळे तिच्यावर हा भार टाकणं योग्य नाही, असं परवानाधारक कंत्राटदाराने लिहून दिलं आहे. प्रत जोडली आहे. मुख्य बोर्डापासून सिंकपर्यंत केसिंग पट्टीतून स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा एमसीबी आणि सॉकेट बसवावं लागेल. मुख्य वायरीला किंवा मीटरला हात लागणार नाही. बिलावरचा मंजूर भार तीन किलोवॅट आहे. तो वाढवण्याचा अर्ज आपल्या नावाने करावा लागेल, शुल्क मी भरेन. पाण्यासाठी सिंकखालच्या नळाला जोड आणि सांडपाणी सिंकच्याच पाइपात.

दोन, चिमणी (२०० वॉट). भिंत न फोडता खिडकीची डावीकडची काच काढून तिथून नळी बाहेर काढायची आहे. सोसायटीच्या कमिटीसाठीचा अर्ज आपल्या सहीसाठी जोडला आहे.

सर्व खर्च माझा. घर सोडताना दोन्ही वस्तू मी नेईन, काच परत बसवून देईन. नवी वायर आणि एमसीबी घरातच राहतील. काम करण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो आपल्याला पाठवीन. काही नुकसान झाल्यास ते अनामत रकमेतून वळतं करावं. आपलं उत्तर येईपर्यंत काम सुरू करणार नाही. आपला नम्र, (सही, तारीख)’

या पत्रातलं सर्वांत वजनदार वाक्य ‘वायर घरातच राहील’ हे आहे. मालकाला फुकटात सुधारणा मिळते आणि तुम्हाला सुरक्षित सॉकेट. खर्च निम्मा-निम्मा मागायचा असेल तर तोही याच वाक्याच्या आधाराने मागावा, पण तो फक्त वायरीचा. नळीचा मागू नये.

काम झाल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा डिशवॉशर चालू असताना अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. तो किंचित कोमट असला तर चालतं. हात ठेववत नसेल, सॉकेटभोवती तपकिरी डाग दिसला किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर मशीन बंद करून कंत्राटदाराला परत बोलवा. एक्स्टेन्शन बोर्ड मधे घालून डिशवॉशर कधीही चालवू नका, चार दिवसांपुरताही नाही.

मालकाचा होकार फोनवर आला तर त्यांना दोन ओळी लिहून पाठवायला सांगा आणि त्याची प्रत कराराला जोडून ठेवा. आणि मशीनची ऑर्डर द्यायची ती हा कागद हातात आल्यावरच, सेलची शेवटची तारीख जवळ आली म्हणून आधी नाही.