नाकाची बाहेरची भिंत

अ‍ॅलर्जीच्या सर्दीने वर्षानुवर्षे बेजार झालेल्या घरात औषधांचा डबा उघडला, तर बहुधा नाकात मारायच्या फवाऱ्याची एक बाटली सापडते, पाऊण भरलेली. डॉक्टरांनी लिहून दिली, चार-पाच दिवस वापरली, ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणून डब्यात गेली. गोळ्या मात्र चालू राहतात. खरं तर नाक सतत चोंदणाऱ्यांसाठी आजच्या औषधांमध्ये सगळ्यात प्रभावी औषध त्या बाटलीतच असतं. ते लागू पडलं नाही, याचं कारण बरेचदा औषधात नसतं. फवारा नाकात कोणत्या दिशेने मारला आणि किती दिवस मारला, यात ते असतं.

दिशा आणि दिवस यांना इतकं महत्त्व का, हे कळायला अ‍ॅलर्जीच्या वेळी नाकात काय घडतं ते पाहावं लागेल.

शिंक आणि चोंदणं: दोन वेगळ्या गोष्टी

१८७३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरांनी एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांना स्वतःलाच उन्हाळी सर्दीचा त्रास होता. गवताचे परागकण त्यांनी स्वतःच्या नाकात आणि खरवडलेल्या त्वचेवर घालून पाहिले आणि त्रासाचं मूळ ऊन किंवा हवा नसून पराग आहेत, हे दाखवून दिलं. पुढे १९६०च्या दशकात या प्रतिक्रियेमागचं प्रतिद्रव्य, म्हणजे आयजीई, सापडलं आणि चित्र स्पष्ट झालं.

ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याच्या नाकाच्या अस्तरात काही पेशी हे प्रतिद्रव्य अंगावर घेऊन बसलेल्या असतात. पराग किंवा धुळीतला नेमका तो कण आला, की काही मिनिटांत त्या हिस्टामिन सोडतात. खाज, एकामागून एक शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, डोळ्यांची चुरचुर हा पहिला टप्पा. दुसरा टप्पा काही तासांनी सुरू होतो. रक्तातून दाहाच्या पेशी अस्तरात येतात, अस्तर सुजतं आणि नाक बंद होतं. रोज थोडा थोडा संपर्क होत राहिला, तर ही सूज उतरतच नाही.

सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या गोळ्या हिस्टामिनला अडवतात. म्हणून शिंका आणि खाज यांवर त्या तासा-दोन तासांत काम करतात, पण चोंदण्यावर कमी पडतात. फवाऱ्यातलं स्टेरॉइड, म्हणजे फ्लुटिकासोन, मोमेटासोन किंवा बुडेसोनाइड, ती सूज घडवणारी यंत्रणाच पेशीच्या आत शिरून थंडावतं. या कामाला वेळ लागतो. थोडा फरक पहिल्या दिवसातच जाणवू शकतो, पण पूर्ण परिणामासाठी रोजच्या वापराचे दोन आठवडे धरावे लागतात. पाचव्या दिवशी बाटली बाजूला ठेवणारा माणूस औषध लागू पडण्याआधीच निकाल देतो.

फवारा मारायची रीत

दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक पडदा असतो. त्याच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं अगदी पृष्ठभागाजवळ असतं. घोळणा फुटतो तो बहुधा इथूनच. सुजणारे मांसल उंचवटे असतात ते मात्र समोरच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर. औषध तिथे पोचायला हवं. आपण बाटली उजव्या हातात धरून उजव्या नाकपुडीत घालतो, तेव्हा मनगटाच्या ठेवणीमुळे तिचं तोंड सहज मधल्या पडद्याकडे वळतं. औषध नको त्या भिंतीवर पडतं, पडदा कोरडा होतो, खपली धरते, रक्त येतं.

यावर उपाय साधा आहे: हात उलटा वापरायचा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा. मग बाटलीचं तोंड आपोआप त्या बाजूच्या कानाच्या दिशेने वळतं.

पूर्ण क्रम असा. आधी नाक हलकेच शिंकरून मोकळं करावं. बाटली हलवावी. ती नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर एकसारखे बारीक तुषार दिसेपर्यंत काही फवारे हवेत सोडावेत. किती ते सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. मान मागे टाकू नये, किंचित पुढे झुकवावी. टोक थोडंसंच आत घालून, कानाच्या रोखाने धरून दाबावं आणि त्याच वेळी नाकाने फुलाचा वास घ्यावा इतकाच हलका श्वास घ्यावा. श्वास तोंडाने सोडावा. टोक पुसून टोपण लावावं. त्यानंतर लगेच नाक शिंकरू नये.

चुकतंय की बरोबर, हे शरीरच सांगतं. घशात औषधाची चव आली, तर श्वास जोरात ओढला गेला किंवा मान मागे होती. अझेलास्टिन असलेला फवारा मुळातच कडू असतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत मान पुढे ठेवणं अधिकच गरजेचं. औषध ओठावर ओघळलं, तर टोक फारच बाहेर होतं किंवा नाक आधीच शेंबडाने भरलेलं होतं. शेंबडात रक्ताची रेघ दिसू लागली, तर फवारा पडद्यावर बसतो आहे. काही दिवस थांबून, दिशा बदलून पुन्हा सुरू करावा आणि तरीही रक्त येत राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं.

एक उदाहरण

समजा, पुण्यात राहणाऱ्या पस्तिशीच्या एक शिक्षिका आहेत. उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका, दिवसभर नाक बंद, रात्री तोंडाने श्वास. आठवड्यातून चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग महिन्याहून अधिक काळ हे चालू आहे. अशा त्रासाला डॉक्टर ‘चिवट’ प्रकारात धरतात आणि रोजचं औषध सुचवतात. या बाई रात्री झोप लागावी म्हणून नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब घालतात, गेले काही महिने. सकाळी सेटिरिझिन घेतात आणि तासावर पेंगुळतात. स्टेरॉइडचा फवारा त्यांनी एकदा सोडून दिलेला आहे.

पहिला अडथळा त्या थेंबांचाच आहे. ते रक्तवाहिन्या आकसवतात म्हणून नाक मिनिटांत उघडतं, पण तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले, तर असर ओसरताच अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं. मग आणखी थेंब लागतात. नाक ‘थेंबांशिवाय उघडतच नाही’ अशी अवस्था आली, तर तो आजार थेंबांनी केलेला असतो. ते बंद करायचे आणि त्याच वेळी स्टेरॉइडचा फवारा सुरू ठेवायचा. पहिला आठवडा जड जातो, हे आधीच सांगितलेलं बरं. काही जणांना डॉक्टर आधी एका नाकपुडीतले आणि नंतर दुसरीतले थेंब बंद करायला सांगतात.

फ्लुटिकासोन प्रोपियोनेटचा मोठ्यांचा नेहमीचा डोस प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एकदा दोन फवारे, म्हणजे रोज चार. बाटलीवर १२० फवारे लिहिले असतील, तर ती ३० दिवसांत संपायला हवी. दोन महिन्यांनीही उरली, तर अर्धे दिवस राहून गेले, एवढा सोपा हिशेब आहे. दात घासण्याच्या वेळेशी फवारा जोडला की विसर पडत नाही. गोळी हवीच असेल, तर गुंगी न आणणारी फेक्सोफेनाडिन घेता येते. मात्र ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, पाण्याबरोबरच घ्यावी. दोन-तीन आठवड्यांनी त्रास आटोक्यात आला, की डॉक्टरांना विचारून डोस निम्मा करता येतो.

‘स्टेरॉइड’ या शब्दाची भीती बाईंना आहे, आणि ती अनाठायी म्हणून झटकून टाकू नये. या डोसात रोज २०० मायक्रोग्रॅम औषध जातं. प्रेडनिसोलोनच्या २० मिलिग्रॅमच्या एका गोळीत वजनाने त्याच्या शंभरपट असतं. दोन्हींची ताकद वेगळी असल्याने ही तुलना तंतोतंत नाही, पण फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन यांचा अगदी थोडा अंशच रक्तात पोचतो, हे नक्की. मुलांना मात्र डॉक्टरांनी ठरवलेला कमीत कमी डोस द्यावा आणि अधूनमधून उंची मोजत राहावी. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल, तर ते आधी सांगावं.

आणखी एका गोळीबद्दल सावध राहायला हवं. लेव्होसेटिरिझिन आणि माँटेलुकास्ट यांची जोडगोळी आपल्याकडे सर्रास घेतली जाते. माँटेलुकास्टमुळे काही जणांत भयानक स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार दिसले आहेत. म्हणून मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर ठळक इशारा छापायला लावला आणि केवळ नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी इतर औषधं चालत नसतील तरच ते द्यावं, असं सांगितलं.

धूळ, पराग आणि धूर

औषधाबरोबर कारणही टाळायला हवं, पण कोणतं? सकाळच्या शिंका बहुधा गादीकडे बोट दाखवतात. १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे फोरहॉर्स्ट आणि स्पीक्समा यांच्या गटाने घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीचा संबंध डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या एका जिवाशी, धुळीतल्या माइटशी जोडला. आपल्या त्वचेचा कोंडा हे त्यांचं अन्न आणि दमट हवा ही त्यांची गरज. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या कणांमुळे. हे कण जड असल्याने हवेत फार वेळ तरंगत नाहीत. उशीवर तोंड टेकलं किंवा गादी झटकली की नाकात जातात. चादरी आणि अभ्रे आठवड्याला साठ अंशांच्या गरम पाण्यात धुतले, तर माइट मरतात. गादी-उशीला घट्ट विणीची, चेनवाली खोळ घालावी. पण एकट्या खोळीवर भिस्त ठेवू नये: २००३ मध्ये नेदरलँड्समध्येच झालेल्या मोठ्या चाचणीत केवळ खोळींनी रुग्णांच्या त्रासात साध्या खोळींपेक्षा जास्त फरक पडला नाही.

घराबाहेर पडल्यावर त्रास वाढत असेल, तर परागांचा विचार करावा. महाराष्ट्रात गवतांबरोबर गाजर गवताचाही संशय घ्यावा. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत पाऊस ओसरताना मोकळ्या जागा व्यापून पांढरं फुलतं. ते उपटायचं तर फुलण्याआधी, हातमोजे घालून, आणि अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने नव्हे. पराग उडण्याच्या दिवसांत कपडे बाहेर वाळत घालू नयेत आणि घरी आल्यावर तोंड-केस धुवावेत. मिठाच्या पाण्याने नाक धुणंही उपयोगी, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं; नळाच्या पाण्यातला एक दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूत पोचला, तर जीव जातो.

धुराचं गणित वेगळं आहे. फटाके, उदबत्ती, डासांची कॉइल, सिगरेट यांचा धूर अ‍ॅलर्जीचा पदार्थ नसतो. सुजलेल्या अस्तराला तो थेट झोंबतो. म्हणून धुराने नाक चोंदलं तर हिस्टामिनरोधक गोळीने फारसं साधत नाही. त्यावर धुरापासून दूर जाणं हाच उपाय.

नाक एकाच बाजूने सतत बंद असेल, वारंवार रक्त किंवा घाण वासाचा स्राव येत असेल, छातीत घरघर किंवा दम लागत असेल, किंवा रीत सुधारून महिनाभर फवारा मारूनही फरक पडला नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. जाताना बाटली बरोबर न्यावी आणि त्यांच्यासमोर एकदा फवारा मारून दाखवावा.

ज्यांचा त्रास ठरावीक मोसमातच येतो, त्यांनी तो सुरू होण्याची वाट पाहू नये. नवरात्राच्या सुमाराला माळे काढले जातात, गाद्या झटकल्या जातात, त्याच दिवसांत बाहेर गवतं फुललेली असतात आणि पुढे फटाक्यांचा धूर येतो. औषधाला दोन आठवडे लागतात, म्हणून अशा माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने पितृपक्षाच्या सुरुवातीलाच रोजचा फवारा सुरू करावा. घटस्थापनेपर्यंत नाकाचं अस्तर तयार झालेलं असतं.