नफा दिसतो, पण चुकीला जागा किती?

समजा, 1 कोटीचं शीतगृह उभारायचं आहे. भाड्यापोटी वर्षाला 50 लाख येतील, वीज-पगारावर 30 लाख जातील, उरतील 20 लाख. 12 टक्के दराने दहा वर्षांची ही शिल्लक आजच्या किमतीत 113 लाख भरते. गुंतवणूक वजा करता निव्वळ वर्तमान मूल्य 13 लाख, म्हणजे खर्चाच्या 13 टक्के. मंजूर करावं?

आधी अंदाज किती चुकला तर हे 13 लाख संपतील, ते पाहा. भाडं वर्षाला फक्त 2.3 लाखांनी, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी घटलं, की संपले! खर्च मात्र तेवढाच राहतो, आणि खरी गोम तिथेच आहे. तुमचे जुने अंदाज दहा टक्क्यांनी चुकत आले असतील, तर इथे किमान 28 लाखांची उशी हवी. हाच प्रकल्प 30 लाख भाडं आणि 10 लाख खर्चाचा असता, तर 17 लाख पुरले असते. म्हणून सगळ्यांना एकच टक्केवारी लावणं मला चूक वाटतं. आणि ही उशी मागितल्यावर त्याच भीतीपोटी व्याजदरही वाढवू नका; एकाच जोखमीची वजाबाकी दोनदा होते आणि चांगले प्रकल्प नाकारले जातात.