कोपर ते डोळा: उभ्याने काम करण्याचं खरं माप

लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकाच बिजागरीने जोडलेले असतात. मानेचं दुखणं सुरू होतं ते तिथूनच. हात आरामात चालायचे तर कळा कोपराच्या उंचीवर हव्यात आणि मान सरळ राहायची तर स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या आसपास हवी. मध्यम उंचीच्या माणसाचं कोपर आणि डोळे यांच्यात साधारण 50 सेंटिमीटरचं अंतर असतं. 14 इंची लॅपटॉप उघडला की त्याच्या कळा आणि स्क्रीनची वरची कड यांच्यात मात्र जेमतेम 20 सेंटिमीटर भरतात. उरलेले 30 सेंटिमीटर शरीर भरून काढतं, मान खाली घालून किंवा खांदे वर चढवून.

उंची बदलणारं स्टँडिंग डेस्क आणलं म्हणून हे अंतर मिटत नाही. टेबल चढवलं तर डोळ्यांची सोय होते आणि हात अवघडतात, उतरवलं तर हात सुटतात आणि मान वाकते. म्हणून लॅपटॉपला स्टँड आणि हातांसाठी वेगळा कीबोर्ड व माउस लागतात. यात कशाची उंची कशावरून ठरवायची हे पक्कं लक्षात ठेवायला हवं: टेबलाची उंची कोपरावरून आणि स्टँडची उंची कोपर ते डोळा या अंतरावरून. आधी टेबल, मग स्टँड. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. आधी स्क्रीन डोळ्यांसमोर आणतात, मग हातांसाठी टेबल हलवतात आणि स्क्रीन पुन्हा जागेवरून जाते.

घरून काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण घेऊ. तिची उंची 160 सेंटिमीटर. काम करताना घालते त्याच चपला घालून ती भिंतीशी उभी राहिली, खांदे सैल सोडले, कोपर अंगालगत ठेवून काटकोनात वाकवलं. दुसऱ्या कोणीतरी टेपने मोजायचं, कारण स्वतः मोजायला गेलं की मान वाकते आणि माप चुकतं. जमिनीपासून कोपर 100 सेंटिमीटर, डोळे 150. तिचा कीबोर्ड 2 सेंटिमीटर जाड, म्हणून टेबलाचा पृष्ठभाग 98 वर. तिथून तिचे डोळे 52 सेंटिमीटर वर आले.

आता स्क्रीन. वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी हा नियम मोठ्या मॉनिटरसाठी बरोबर आहे. लॅपटॉपची स्क्रीन मात्र लहान असते आणि नजर स्वाभाविकपणे थोडी खालीच विसावते. त्यामुळे लॅपटॉपची वरची कड डोळ्यांपेक्षा 3 ते 5 सेंटिमीटर खाली असलेली मला जास्त योग्य वाटते. मैत्रिणीसाठी आम्ही 4 धरले, म्हणजे कड टेबलापासून 48 वर. उघडलेल्या लॅपटॉपच्या तळापासून स्क्रीनची वरची कड 22 सेंटिमीटर भरली. 48 मधून 22 गेले, राहिले 26. लॅपटॉपचा तळ टेबलापासून इतका वर हवा. तिचा स्टँड 20 वरच थांबत होता. मग त्याखाली 6 सेंटिमीटर उंचीचा, न डुगडुगणारा लाकडी पाट ठेवला आणि माप जुळलं.

जुळलं की नाही हे पाहण्याची खूण सोपी आहे. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, खांदे सोडा आणि समोर बघत डोळे उघडा. नजर स्क्रीनच्या वरच्या कडेवर किंवा किंचित वर पडायला हवी आणि मजकूर वाचायला फक्त डोळे खाली यायला हवेत, हनुवटी नव्हे. हात कळांवर ठेवल्यावर मनगटं वर मुडपत असतील तर कीबोर्डचे मागचे छोटे पाय मिटवा. ते उघडून ठेवण्याची सवय असते, पण त्यांनी मनगटाचा त्रासच वाढतो.

बसल्यावर काय, हा पुढचा प्रश्न. माणूस ताठ बसला तर त्याचं कोपर आणि डोळे यांतलं अंतर उभं असतानाइतकंच राहतं. म्हणजे टेबल खाली आणायचं, स्टँडला हात लावायचा नाही. चपला बदलल्या तरी तेच: कोपर आणि डोळे बरोबरीने वर-खाली होतात, म्हणून फक्त टेबल तेवढं हलवायचं. बसल्यावर स्क्रीन फार उंच वाटू लागली तर बहुधा पाठ पोक काढून 4-5 सेंटिमीटर खाली घसरलेली असते. अशा वेळी स्टँड उतरवू नका, खुर्चीची पाठ नीट करा.

इथे आपल्याकडच्या अनेकांना, विशेषतः बायकांना, एक अडचण येते. पुष्कळशी टेबलं 70-72 सेंटिमीटरच्या खाली येतच नाहीत. मैत्रिणीची खुर्ची 42 वर असताना तिचं कोपर जमिनीपासून 65 वर होतं, म्हणजे टेबल 63 ला हवं होतं. ते 71 वर अडलं. उपाय एवढाच की खुर्ची 8 सेंटिमीटर वर घ्यायची आणि पायांखाली तेवढ्याच उंचीचा आधार द्यायचा. पाय लोंबकळत ठेवून बसणं चालणार नाही, मांड्यांखाली दाब येतो. बसण्याची आणि उभं राहण्याची उंची टेबलाच्या बटणांवर साठवून ठेवता येत असेल तर दोन्ही साठवा आणि अर्ध्या-पाऊण तासाने बदलत राहा. दिवसभर उभं राहणं हाही पायांना त्रासच आहे.

सगळी मापं बरोबर असूनही मान पुढे जात असेल तर कारण अक्षरांत शोधा. स्टँडवर गेल्यावर लॅपटॉप हातभर लांब जातो, तसा तो जायलाच हवा, पण अक्षरं बारीक दिसू लागतात आणि माणूस नकळत पुढे झुकतो. विंडोजवर `Settings`, `System`, `Display` मध्ये जाऊन `Scale` 125% किंवा 150% करा. लॅपटॉप पुन्हा जवळ ओढू नका.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असणाऱ्यांनी डोळ्यांच्या रेषेचा नियम सोडून द्यावा. जवळचं दिसणारा भाग त्या चष्म्यात खाली असतो, म्हणून उंच स्क्रीन वाचायला हनुवटी वर उचलावी लागते आणि मानेचा मागचा भाग दुखतो. हनुवटी आपोआप खाली येईपर्यंत स्टँड उतरवत जा. तरीही जमत नसेल तर नेत्रतज्ज्ञांना हातभर अंतराचा, फक्त कामासाठीचा वेगळा नंबर विचारा.

टेबल पूर्ण वर गेलं की थोडं हलतं आणि उंच स्टँडवरचा लॅपटॉप ते हलणं वाढवून दाखवतो. टाइप करताना अक्षरं थरथरत असतील तर आधी टेबलाच्या पायांचे बोल्ट आवळा. स्टँड मागच्या टोकाला असेल तर टेबलाच्या पायांच्या रेषेजवळ आणा, मात्र स्क्रीन हातभर लांबच राहू द्या. दुमडणाऱ्या स्टँडची बिजागरी काही महिन्यांनी वजनाने खाली बसू लागते. ठरलेल्या उंचीवर सांध्यावर पेनाने खूण करून ठेवली की ते लगेच कळतं. चार्जरची वायरही टेबलाबरोबर वर जाते. ती भिंतीतल्या सॉकेटमधून ताणली जाऊ नये म्हणून एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला घट्ट बसवावा आणि भिंतीपर्यंतच्या एकाच वायरला पुरेशी ढील ठेवावी.

स्टँड घ्यायला जाण्याआधी घरी ही दोन मापं काढा आणि आपल्या लॅपटॉपची उघडलेली उंची मोजा. खोक्यावर किंवा माहितीत स्टँडची जास्तीत जास्त उंची दिलेली असते. ती तुमच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर तो स्टँड घेऊ नका.