वड्याचं तेल वांग्यावर: ऑफिसमधली चिडचिड घरातच का निघते?

दिवसभर क्लायंटशी, ग्राहकांशी, वरिष्ठांशी अगदी सौम्य आवाजात बोलणारा माणूस घरी आल्यावर चहात साखर कमी पडली म्हणून भडकतो. घरातल्यांना हे नवीन नसतं. दाराबाहेर चपला कशा काढल्या जातात यावरूनही काही घरांमध्ये 'आजचा दिवस कसा गेला' हे कळतं. 'वड्याचं तेल वांग्यावर' ही म्हण आपल्याकडे पूर्वीपासून आहे. पण तेल नेमकं कसं सांडतं, कोणावर सांडतं आणि ते वेळेत ओळखता येतं का, याचा मानसशास्त्रात गेली अनेक दशकं बारकाईने अभ्यास झाला आहे. त्यातून हाती आलेली पहिली गोष्ट बऱ्याच जणांना चकित करेल. कामाचा ताण घरी आणणारा प्रत्येक माणूस चिडत नाही. काही जण गप्प होतात.

विमानतळावरच्या नोंदी काय सांगतात?

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी हा प्रश्न सोडवण्यासाठी विमानांची वाहतूक नियंत्रित करणारे कर्मचारी, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलर निवडले. निवड हुशारीची होती. 'आज खूप काम होतं' हे कोणीही म्हणू शकतो, पण त्या दिवशी किती विमानं हाताळली आणि दृश्यमानता कशी होती, याची नोंद विमानतळाकडे असते. त्यामुळे कामाचा बोजा मोजण्यासाठी त्या माणसाच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३३ जोडपी होती. सलग तीन दिवस नवरा-बायको दोघांनी संध्याकाळ कशी गेली ते लिहून दिलं.

ज्या दिवशी कामाचा बोजा जास्त, त्या संध्याकाळी कंट्रोलर घरात कमी बोलत होते, बाजूला होत होते. बायकोने त्यांना तशी मोकळीक दिली की ते अधिकच आपल्यात राहत, आणि रागही कमी निघत असे. थोडक्यात, दमलेल्या माणसाचं थोडा वेळ गप्प बसणं हा दरवेळी रुसवा नसतो.

याच व्यवसायातल्या वडिलांवर रेपेटी यांनी नंतर केलेल्या अभ्यासात दुसरी बाजू दिसली. कामाचा नुसता बोजा असेल तर वडील मुलांपासून दूर राहत. पण त्या दिवशी सहकाऱ्याशी किंवा वरिष्ठांशी खटका उडाला असेल, तर घरी मुलांवर राग आणि शिस्तीचा बडगा वाढत असे. म्हणजे वाईट दिवस दोन प्रकारचे असतात. काम अति झालं, तर माणूस मिटतो. अपमान झाला, तर तो भडकतो. घरच्यांना दोन्ही वेळी 'मूड खराब आहे' एवढंच दिसतं आणि ते दोन्हींना सारखाच प्रतिसाद देतात. घोटाळ्याची सुरुवात बहुधा इथेच होते.

बंद पडलेला वायफाय आणि बाबा

एक काल्पनिक, पण अनेकांना ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका आयटी कंपनीतला ३६ वर्षांचा टीम लीड. घरात बायको, सात वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. दुपारी साडेचारच्या कॉलवर मॅनेजर १४ जणांसमोर त्याला म्हणतो, "तुमच्या टीमला बेसिक गोष्टीही जमत नाहीत." उत्तर त्याच्या जिभेवर असतं. पण अप्रेझल महिन्यावर आलेलं आहे, म्हणून तो "नोटेड" एवढंच म्हणतो.

पाच वाजता तो तोच कॉल मनात पुन्हा ऐकतो. सहा वाजता सहकाऱ्याला चॅटवर सगळं सांगतो. साडेसहाला गाडीवर बसल्यावर सिग्नलला थांबून, जे बोलता आलं नाही ते मनातल्या मनात बोलतो. पावणेआठला घरी पोहोचतो. सोफ्यावर बसलेले बाबा विचारतात, "अरे, वायफाय चालत नाहीये, जरा बघतोस का?" त्यावर तो ओरडतो, "आल्या आल्या सुरूच का तुमचं? दिवसभर घरीच असता ना, एक फोन नाही करता येत कंपनीला?"

बाबांच्या प्रश्नात काहीच वावगं नव्हतं. संशोधक प्रयोगशाळेत अगदी अशीच परिस्थिती तयार करतात. सहभागी व्यक्तीला आधी कोणीतरी डिवचतं. त्यानंतर दुसरीच व्यक्ती एखादी बारीकशी चूक करते. आधी डिवचलेले लोक त्या किरकोळ चुकीची शिक्षा प्रमाणाबाहेर देतात. ज्यांना डिवचलेलं नसतं, ते त्याच चुकीकडे दुर्लक्ष करतात. राग आधीचाच असतो, पण त्याला बाहेर पडायला एक ठिणगी लागते. घरी अशा ठिणग्यांना तोटा नसतो: वायफाय, सांडलेलं दूध, न आणलेलं दळण.

या गोष्टीत साडेचार ते पावणेआठ हे सव्वातीन तास महत्त्वाचे आहेत. प्रसंग काही मिनिटांत संपला होता. तो मनात घोळवत राहिल्यामुळे राग विझला नाही. 'वाफ बाहेर काढली की बरं वाटतं' हा समजही तपासला गेला आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, आपल्याला डिवचणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी होण्याऐवजी वाढला. काहीही न करता नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते.

आणि बाबाच का? कारण मॅनेजरला उत्तर दिलं तर नोकरीची किंमत मोजावी लागते. बाबांना बोललं तर लगेच काहीच बिघडत नाही. हिशेब चुकतो तो इथे. साडेचारचा कॉल बाबांना माहीतच नाही. त्यांच्या दृष्टीने गोष्ट सुरू होते ती पावणेआठला, 'दिवसभर घरीच असता' या वाक्याने. निवृत्त माणसाला हे वाक्य वायफायबद्दल वाटत नाही, स्वतःच्या उपयोगाबद्दल वाटतं. मुलगा रात्रीपर्यंत विसरतो. बाबा दुसऱ्या दिवसापासून काही विचारायचं असेल तर सुनेकडून निरोप पाठवतात. बायको दोघांच्या मधली पोस्टमन होते. मग एक दिवस तिचाही संयम सुटतो आणि भांडण 'तुझे वडील' या विषयावर जातं. मॅनेजरचं नाव आता कुठेच उरलेलं नसतं.

मुलं याचा अर्थ काय लावतात?

मोठी माणसं निदान 'कामाचं टेन्शन असेल' असा अंदाज करू शकतात. लहान मुलं बहुधा स्वतःपासून सुरुवात करतात: मी काय केलं? एलन गॅलिन्स्की यांनी १९९९ च्या आपल्या अभ्यासात हजाराहून जास्त अमेरिकन मुलांना विचारलं होतं, की आई-बाबांच्या नोकरीचा तुमच्यावर जो परिणाम होतो, त्यातली एक गोष्ट बदलता आली तर काय बदलाल? पालकांना वाटत होतं, मुलं जास्त वेळ मागतील. पण मुलांनी सर्वाधिक वेळा मागितलं ते हे, की आई-बाबा कमी दमलेले आणि कमी त्रासलेले असावेत. रविवारी मॉलला नेऊन आठवड्याची भरपाई करणाऱ्या पालकांनी याकडे जरूर बघावं.

गप्प बसण्याची सोय कोणाला?

विमानतळाच्या अभ्यासात दमलेला नवरा बाजूला बसला आणि बायकोने घर सांभाळलं. नोकरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला ही सोय क्वचित येते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, तर घरकामात हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. संध्याकाळी सात वाजता तिला मिटून बसायचं असेल तर कुकर कोण लावणार? रेपेटी आणि जेनिफर वूड यांनी पाळणाघरातून मुलाला घ्यायला येणाऱ्या ३० आयांचा अभ्यास केला होता. कामाचा दिवस जड गेला असेल तेव्हा त्या मुलाशी कमी बोलत होत्या, लाडही कमी करत होत्या. शरीर थांबायला सांगत असतं, घर थांबू देत नाही. मग आवाज भांड्यांचा होतो आणि घरचे म्हणतात, 'ही हल्ली फार चिडचिडी झालीये.'

मग करायचं काय?

पहिली गोष्ट: दिवस कोणत्या प्रकारचा होता ते घरात शिरण्यापूर्वी स्वतःला विचारणं. नुसतं काम जास्त असेल तर घरच्यांना आधी सांगून घेतलेली वीस-पंचवीस मिनिटांची शांतता पुरते. यात 'आधी सांगून' हे महत्त्वाचं आहे. न सांगता घेतलेली शांतता समोरच्याला अबोला वाटते. शिवाय अशी वेळ नवरा-बायको दोघांच्या वाट्याला यायला हवी.

अपमान झाला असेल तर शांततेत तोच कॉल पुन्हा डोक्यात वाजू लागतो. अशा दिवशी मन दुसरीकडे गुंतवणारं काम बरं: बाजारातून भाजी आणणं, मुलीचं गणित घेणं, जेवण होईपर्यंत ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट ठेवणं. आणि दारातच एक वाक्य: "आज ऑफिसात माझं वाजलंय, तुमच्यावर राग नाही." घरच्यांना साडेचारची गोष्ट कळली, की पावणेआठच्या आवाजाचा अर्थ बदलतो. जोडीदाराला पूर्ण प्रकार सांगावासा वाटला तर जरूर सांगावा, पण एकदा. तोच किस्सा रोज रात्री उगाळला तर ऐकणाराही दमतो आणि सांगणाराही शांत होत नाही.

ओरडून झालंच असेल तर नुसतं 'सॉरी' अपुरं पडतं, कारण बाबांना किंवा मुलीला आपली चूक काय ते अजूनही कळलेलं नसतं. "तुम्ही वायफायचं विचारलंत त्यात काहीच चुकीचं नव्हतं, मी दुसऱ्याचा राग तुमच्यावर काढला" असं स्पष्ट सांगावं लागतं. सात वर्षांच्या मुलीलाही हे समजतं.

हे कुठे लागू होत नाही?

हात उगारणं, वस्तू फेकणं, घरच्यांनी सतत घाबरून वावरणं याला 'कामाचं टेन्शन' हे नाव देता येत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा शारीरिक मारहाणीबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाचारातच मोजतो. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. झोप उडाली असेल, रविवारीही चिडचिड जात नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि आठवड्यातले तीन-चार दिवस अपमानाचेच असतील, तर दारातलं वाक्य रोज म्हणून चालत नाही. घरच्यांनाही ते महिन्याभरात पाठ होतं. तेव्हा बोलायचं ते एचआरशी किंवा टीम बदलण्याबद्दल, आणि घरी बसून करायचा हिशेब असतो तो ईएमआय आणि नोटीस पीरियडचा.