तीन क्यूब आणि एक्स्टर्नलचा पुढचा प्रश्न

सिव्हिलच्या विद्यार्थ्याला काँक्रीटच्या चाचण्यांचा धडा वहीच्या एका पानावर बसवायला सांगितला, की पान साधारण असं होतं. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचं मिश्रण म्हणजे काँक्रीट. त्याची प्रत एम-२०, एम-२५ अशी सांगतात. ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर अवलंबून. तपासणीसाठी १५० मिमी बाजूचे क्यूब भरायचे, २४ तासांनी साच्यातून काढून पाण्यात ठेवायचे, ७ आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचे. ज्या वजनाला क्यूब फुटला त्याला क्षेत्रफळाने भागलं की ताकद निघते.

लेखी परीक्षेला एवढं पुरतं. ओरलला पुरत नाही, कारण समोर बसलेल्या एक्स्टर्नलकडेही हेच पान असतं आणि त्याची नजर त्यातल्या आकड्यांवर असते. २०, १५०, २८ हे आकडे म्हणजे तयार प्रश्नच. विद्यार्थी उत्तरात जो शेवटचा जड शब्द टाकतो, तो पुढचा प्रश्न होतो. म्हणून ओरलचं आदर्श उत्तर दोन-तीन वाक्यांचं असावं: आधी व्याख्या, मग कारण, आणि ज्याचा अर्थ सांगता येणार नाही असा एकही शब्द त्यात नको. या धड्यातून हमखास येणारे काही प्रश्न या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. घराचा स्लॅब पडताना बाजूला उभं राहून पाहणाऱ्या कुणालाही ते विचारता येतील.

पहिला प्रश्न बहुधा हाच: एम-२० म्हणजे काय?

उत्तर: एम म्हणजे मिक्स. २० म्हणजे १५० मिमीच्या क्यूबची २८ दिवसांनंतरची वैशिष्ट्यपूर्ण दाब-ताकद, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. शंभर निकाल आले तर त्यांतले पाचापेक्षा जास्त या आकड्याखाली जाऊ नयेत, अशी अपेक्षा असते.

‘वैशिष्ट्यपूर्ण’ शब्द आला की एक्स्टर्नल विचारणारच: मग मिक्स डिझाइन करताना लक्ष्य २० ठेवता का? इथे बरेच जण ‘हो सर’ म्हणून मोकळे होतात. सरासरीच २० धरली, तर जवळजवळ निम्मे निकाल २० च्या खाली येतील. रोजच्या मालात थोडा फरक पडतोच. वाळू ओली असते, मोजमाप इकडेतिकडे होतं. एम-२० साठी आधीची आकडेवारी हाताशी नसेल तेव्हा हा चढउतार ४ धरतात, त्याला १.६५ ने गुणतात आणि २० मध्ये मिळवतात. लक्ष्य येतं २६.६. म्हणजे २० ची हमी द्यायची तर साडेसव्वीसच्या पुढे नेम धरावा लागतो.

दुसरा प्रश्न सोपा वाटतो आणि तिथेच फसगत होते: २८ दिवसच का?

‘२८ दिवसांत काँक्रीटची पूर्ण ताकद येते’ हे पाठ केलेलं उत्तर चूक आहे. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया ओल असेपर्यंत चालूच राहते, कित्येक महिने. म्हणून उत्तर असं द्यावं: तोवर ताकदीचा मोठा भाग आलेला असतो आणि सगळ्यांनी तुलनेसाठी ठरवलेलं वय म्हणून २८ दिवस घेतात. बरोबर चार आठवडे असल्याने सोमवारी भरलेला क्यूब सोमवारीच फुटतो, ही सोयही त्यात आहे. सात दिवसांना साधारण दोन तृतीयांश ताकद दिसते. तो अंदाज मिळावा म्हणूनच आधी एक संच फोडतात. अंतिम निकाल २८ दिवसांचाच.

पाण्याचा प्रश्न मात्र थोडा निवांत समजून घ्यावा, कारण साइटवरचं बहुतेक नुकसान तिथेच होतं. डफ एब्रम्स या अमेरिकन अभियंत्याने १९१८ मध्ये मांडलेला नियम अजून शिकवला जातो: बाकी गोष्टी सारख्या असतील आणि काँक्रीट नीट दाबून बसवलेलं असेल, तर पाणी-सिमेंटचं प्रमाण वाढलं की ताकद घटते. का? सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी रासायनिक क्रियेत बांधलं जातं आणि आणखी सुमारे १५ टक्के तयार झालेल्या पदार्थाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहतं. बेरीज ३८. त्यावरचं पाणी फक्त माल हलता, पसरवता यावा म्हणून असतं. ते पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. पोकळी जास्त, ताकद कमी, आणि सळईपर्यंत पाणी व हवा पोहोचायची वाटही मोकळी.

आता ५० किलोची एक गोणी घ्या. प्रमाण ०.५ ठरलं असेल तर पाणी २५ लिटर. माल घट्ट वाटतो म्हणून मिक्सरवाल्याने अर्धी बादली, म्हणजे पाचेक लिटर, वर ओतलं की प्रमाण झालं ०.६. आयएस ४५६ मध्ये सळईच्या काँक्रीटसाठी सगळ्यात सौम्य वातावरणातही मर्यादा ०.५५ आहे. अर्ध्या बादलीने माल नियमाबाहेर गेला. एक्स्टर्नल इथे पुढे विचारतो: वाळू पावसात भिजलेली असेल तर? उत्तर: वाळूच्या अंगावरचं पाणी या हिशेबात धरायचं आणि मिक्सरमध्ये टाकायचं पाणी तेवढं कमी करायचं. जुलैत स्लॅब टाकणाऱ्यांनी हे उत्तर भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

मग येतो प्रत्यक्ष क्यूब. भरताना साधारण ५ सेंटिमीटरचे तीन थर करायचे आणि प्रत्येक थराला सळईने ३५ ठोके द्यायचे, म्हणजे हवा निघून जाते. ‘यंत्रात ठेवताना कोणती बाजू वर?’ हा एक्स्टर्नलचा आवडता प्रश्न. उत्तर: भरतानाची वरची बाजू वर ठेवायची नाही. ती थापीने सपाट केलेली असते, साच्याच्या लोखंडाला टेकलेल्या बाजूंइतकी समतल नसते; म्हणून क्यूब आडवा करून दोन साच्याच्या बाजूंवर दाब द्यायचा.

याच जोडीचा एक अवघड प्रश्न असा: कोणत्या चुकांनी निकाल खोटा वाढतो? निकाल कमी का येतो हे सगळे सांगतात. वाढतो कसा हे थोडेच सांगतात. दोन चुका पक्क्या लक्षात ठेवाव्यात. क्यूब वाळवून फोडला तर ताकद जास्त दिसते, म्हणून तो पाण्यातून काढून ओला असतानाच फोडायचा. दाब भराभर वाढवला तरी ताकद जास्त दिसते. नियमाप्रमाणे मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या गतीने दाब वाढवायचा. १५० मिमीच्या क्यूबला ते मिनिटाला ३१५ किलोन्यूटन होतात. बऱ्यापैकी एम-२० चा क्यूब फुटायला त्या हिशेबाने दोनेक मिनिटं लागायला हवीत. कुणी अर्ध्या मिनिटात फोडून आकडा लिहीत असेल, तर तो आकडा विश्वासाचा नाही.

आता हिशेब. समजा एकाच मालाचे तीन क्यूब २८ दिवसांनी फोडले आणि ते ५८५, ६१२ आणि ४०५ किलोन्यूटनला फुटले. दाब पडणारं क्षेत्रफळ १५० गुणिले १५०, म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटर. भागाकार केला की २६, २७.२ आणि १८ येतात. सरासरी २३.७. जर्नलमध्ये बहुतेक जण इथे रेघ ओढतात आणि ‘एम-२० साठी समाधानकारक’ असा शेरा मारतात.

एक्स्टर्नल पेन्सिल ठेवतो ती याच ओळीवर. आयएस ४५६ सांगतं की तिन्ही क्यूबची सरासरी म्हणजे त्या नमुन्याचा निकाल, पण कोणताही एक क्यूब सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वरखाली असता कामा नये. २३.७ चे १५ टक्के म्हणजे सुमारे ३.५. खालची मर्यादा २०.२ येते, आणि आपला तिसरा क्यूब १८ वर बसलाय. म्हणून उत्तर: हा नमुना पास नाही आणि नापासही नाही, तो अवैध आहे, त्यावरून काही ठरवता येत नाही. वाईट आकडा गाळून उरलेल्या दोघांची २६.६ सरासरी सांगणं हे तर त्याहून वाईट उत्तर, आणि दुर्दैवाने साइटवर चालणारंही.

तिसरा क्यूब असा का फुटला, हे त्याच्या तुकड्यांकडे पाहून बरंच कळतं. नीट भरलेला आणि मधोमध ठेवलेला क्यूब चारही उघड्या बाजूंनी साधारण सारखा तडकतो, बाजूंचे पापुद्रे गळतात आणि टोकाला टोक लावलेले दोन पिरॅमिड उरतात. वरच्या व खालच्या पोलादी पट्ट्यांच्या घर्षणाने क्यूबची दोन्ही तोंडं आवळून धरलेली असतात, त्यामुळे तिथला भाग शाबूत राहतो आणि मधला भाग बाजूला फाकतो. एकच कोपरा उडाला असेल किंवा एकच उभी चीर गेली असेल, तर क्यूब तिरका ठेवला होता किंवा बाजू समतल नव्हती. बाजूवर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसत असतील तर ३५ ठोके पडलेच नाहीत. पहिल्या दोन शक्यतांत दोष चाचणीचा, तिसऱ्यात क्यूब भरण्याचा. माल कदाचित चांगला असेल.

शेवटी बहुतेक एक्स्टर्नल विद्यार्थ्याला प्रयोगशाळेबाहेर नेतात. क्यूब पास झाला म्हणजे स्लॅब पास झाला का? उत्तर: नाही. क्यूब सांगतो की हा माल नीट भरून, २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुडवून ठेवला तर किती ताकद देऊ शकतो. स्लॅबला तेवढा व्हायब्रेटर लागला का, त्यावर पाणी मारलं का, हे क्यूबला माहीत नसतं.

आणि क्यूब नापास झाले तर? ‘तोडावं लागेल सर’ हे घाईचं उत्तर. बांधकामातून ड्रिलने कमीत कमी तीन गोल नमुने काढून फोडतात, त्यांना कोअर म्हणतात. तुलनेसाठी कोअरची ताकद क्यूबच्या ताकदीत बदलून घेतात. त्यांची सरासरी प्रतीच्या ८५ टक्के भरली आणि एकही ७५ टक्क्यांखाली गेला नाही, तर आयएस ४५६ ते काँक्रीट स्वीकारतं. एम-२० साठी याचा अर्थ सरासरी १७ आणि सगळ्यात कमजोर कोअर १५. तेही जमलं नाही, तर स्लॅबवर ठरावीक भार ठेवून तो किती वाकतो आणि भार काढल्यावर किती सावरतो हे पाहायचं. तोडण्याचा विषय त्यानंतर निघतो.